‘सच्चर समिती म्हणते…’ : खरंच म्हणते का? एक परिच्छेद तपासून पाहू या

११ नोव्हेंबरला मौलाना आझाद जयंती आणि १८ डिसेंबरला अल्पसंख्याक हक्क दिवस. या दोन तारखांच्या आसपास धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, परंडा, उमरगा, कुठेही भाषण ऐका, निबंध वाचा किंवा तहसीलला दिलेलं निवेदन पाहा, त्यात एक नाव हमखास येतं : सच्चर समिती. आम्ही वर्गात मुलांचे निबंध तपासतो तेव्हा हे नाव दर दुसऱ्या वहीत दिसतं. नाव आलं की पुढचं वाक्य आपोआप खरं मानलं जातं. अहवाल मात्र क्वचितच कुणी उघडलेला असतो.

म्हणून या लेखात आम्ही एकच काम करणार आहोत. आपल्या समाजात नेहमी ऐकू येणारा एक परिच्छेद घ्यायचा, त्यातली वाक्यं एकेक करून मूळ अहवालासमोर ठेवायची आणि अहवाल त्या वाक्याच्या पाठीशी उभा राहतो की नाही ते पाहायचं. परिच्छेद आम्हीच लिहिला आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असेल :

“सच्चर समितीने सिद्ध केले आहे की मुस्लिम समाजाची स्थिती दलितांपेक्षाही वाईट आहे. समितीच्या मते फक्त ४ टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात. महाराष्ट्रातही साक्षरतेत आपला समाज सर्वांच्या मागे आहे.”

तीन वाक्यं, आणि तिन्ही वाक्यांत काही ना काही गडबड आहे. पण तिन्ही ठिकाणी गडबड वेगळ्या जातीची आहे.

आधी मूळ कागद हातात घ्या

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालची ही उच्चस्तरीय समिती पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या कार्यालयाने मार्च २००५ मध्ये नेमली. अर्थशास्त्रज्ञ अबुसालेह शरीफ हे तिचे सदस्य-सचिव होते. नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल सादर झाला आणि त्याच महिन्यात संसदेत मांडला गेला. तो चारशेच्या वर पानांचा, इंग्रजीत आणि बारा प्रकरणांचा आहे. शिक्षण चौथ्या प्रकरणात, गरिबी आठव्यात आणि एकूण निष्कर्ष व शिफारशी बाराव्या प्रकरणात आहेत. त्याची पीडीएफ मोबाइलवरही उघडता येते.

शोधताना एक अडचण येते ती आधीच सांगतो. या अहवालात मदरशाचं स्पेलिंग `Madarsa` असं आहे. आपण सवयीने `Madrasa` टाईप केलं तर नेमकं हवं ते पान सापडत नाही आणि ‘अहवालात असं काही नाहीच’ असा चुकीचा समज होतो. मकतबसाठी `Maktab` टाका. तसंच आपल्या जिल्ह्याचं नाव धाराशिव २०२३ साली झालं, त्यामुळे २००६ च्या कागदात हे नाव शोधून उपयोग नाही. जुन्या कोणत्याही सरकारी आकडेवारीत `Osmanabad` हेच शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणत्या प्रकरणातून वाक्य उचललं आहे ते पाहायचं. या अहवालाचं दुसरं प्रकरण लोकांच्या भावना आणि तक्रारींचं आहे. समिती राज्याराज्यांत फिरली, लोकांना भेटली आणि लोक काय म्हणाले ते तिथे नोंदवलं. मुसलमानांवर एकीकडे ‘देशविरोधी’ आणि दुसरीकडे ‘लांगूलचालन झालेले’ असा दुहेरी शिक्का बसतो, ही गोष्ट त्याच प्रकरणात आहे. लोकांनी सांगितलेलं ते महत्त्वाचं आहेच. पण “समितीला लोकांनी असं सांगितलं” आणि “समितीला आकडेवारीत असं आढळलं” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या प्रकरणातलं वाक्य ‘समितीचा निष्कर्ष’ म्हणून वापरलं, तर शब्द अहवालातले असूनही हवाला चुकीचा ठरतो.

पहिलं वाक्य : ‘दलितांपेक्षाही वाईट’

हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की ते अहवालातच आहे अशी सगळ्यांची खात्री झालीय. आता बारावं प्रकरण उघडा. तिथे समितीने सगळ्या तक्त्यांचा गोषवारा एका वाक्यात दिला आहे. आमच्या शब्दांत त्याचा अर्थ असा : विचारात घेतलेल्या जवळजवळ सर्व निकषांवर मुस्लिम समाज साधारणपणे अनुसूचित जाती-जमातींपेक्षा थोडासा वर आणि हिंदू ओबीसी, इतर अल्पसंख्याक व हिंदू सर्वसाधारण गट यांच्या खाली आहे.

म्हणजे सर्वसाधारण निष्कर्ष आपल्या वाक्याच्या बरोबर उलटा आहे. ‘थोडासा वर’चं भाषणात ‘पेक्षाही वाईट’ झालं.

मग हे वाक्य आलं कुठून? ते हवेतून आलेलं नाही, आणि इथेच तपासणीचं खरं काम आहे. आठव्या प्रकरणात २००४-०५ च्या नमुना सर्वेक्षणावरून काढलेले गरिबीचे आकडे आहेत. शहरं आणि खेडी एकत्र धरली तर अनुसूचित जाती-जमातींमध्ये गरिबांचं प्रमाण ३५ टक्के आणि मुस्लिमांमध्ये ३१ टक्के. म्हणजे एकूण गरिबी जाती-जमातींमध्ये जास्त. पण त्याच प्रकरणात फक्त शहरांचा आकडा पाहिला तर चित्र फिरतं. शहरी भागात मुस्लिमांमध्ये गरिबीचं प्रमाण ३८.४ टक्के होतं आणि ते सर्व गटांत सर्वाधिक होतं, अनुसूचित जाती-जमातींपेक्षाही जास्त.

उलट साक्षरता बघा. २००१ च्या जनगणनेवरून अहवालाने मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के दिली आहे आणि अनुसूचित जाती-जमातींची ५२.२ टक्के. इथे मुस्लिम वर आहेत. म्हणजे एका निकषावर खाली, दुसऱ्यावर वर आणि एकूण ‘थोडेसे वर’. एका तक्त्यातली एक ओळ खरी आहे, पण ती पूर्ण समाजाच्या पूर्ण स्थितीवर पसरवली गेली. संशोधनाचे हवाले बिघडतात ते बहुतेक वेळा असेच. आकडा खरा असतो, त्याची हद्द काढून टाकलेली असते.

याच वाक्यात आणखी दोन शब्द पारखायचे राहिले. एक ‘दलित’. अहवालाच्या वरच्या आकड्यांत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचा एकच गट केलेला आहे. म्हणजे त्यात दलितही आहेत आणि आदिवासीही. एकत्र केलेल्या सरासरीतून फक्त दलितांचा आकडा वेगळा काढता येत नाही. त्यामुळे या आकड्यांच्या आधाराने ‘दलितांपेक्षा’ असं कोणत्याच दिशेने म्हणता येत नाही, ‘जाती-जमातींच्या एकत्रित गटापेक्षा’ एवढंच म्हणता येतं.

दुसरा शब्द ‘सिद्ध केले’. हा अहवाल मोजमाप करतो. कोणता गट कुठे आहे, अंतर किती आहे, ते दाखवतो. असं का झालं याचं कारण शोधण्यासाठी वेगळ्या पद्धतीचा अभ्यास लागतो. म्हणून ‘सिद्ध केले’ऐवजी ‘आढळले’ किंवा ‘नोंदवले’ हाच शब्द बरोबर. आणि वाक्य ‘आहे’ने संपवायचं नाही, ‘होती’ने संपवायचं. आकडे २००१ आणि २००४-०५ चे आहेत. त्या वेळी पहिलीत असलेलं मूल आज स्वतः वालिद किंवा वालिदा झालेलं असेल.

दुसरं वाक्य : ‘फक्त ४ टक्के मुलं मदरशात’

हे वाक्य आपल्या बाजूचं वाटतं, म्हणून ते कुणी तपासतच नाही. ‘मुसलमानांची सगळी मुलं मदरशात जातात’ असं कुणी म्हटलं की आपण हा आकडा पुढे करतो. मुद्दा बरोबर आहे, पण आकडा नीट वापरलेला नाही.

चौथ्या प्रकरणात मदरशाच्या भागात जा. तिथे एकाच परिच्छेदात तीन आकडे आहेत. एनसीएईआर या संस्थेच्या सर्वेक्षणानुसार ७ ते १९ वयोगटातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४ टक्के मदरशात शिकत होते. पुढचं वाक्य सांगतं की शाळेच्या वयाच्या सर्व मुस्लिम मुलांच्या हिशेबात हे प्रमाण सुमारे ३ टक्के येतं. त्यानंतर एनसीईआरटीच्या तात्पुरत्या आकडेवारीचा हवाला आहे, ती २.३ टक्के सांगते.

४ खरे की ३? दोन्ही खरे. फरक ‘कितीपैकी’ यात आहे. गणिताच्या तासाला आम्ही हे असं समजावतो. एका वस्तीत शाळेच्या वयाची १०० मुलं आहेत असं धरा. त्यातली ७५ कुठे ना कुठे शिकतात आणि त्यातली ३ मदरशात आहेत. सगळ्या १०० मुलांपैकी मोजलं तर ३ टक्के. शिकणाऱ्या ७५ पैकी मोजलं तर ३ भागिले ७५, म्हणजे ४ टक्के. मुलं तीच, मदरसा तोच, फक्त छेद बदलला. वरच्या परिच्छेदात ४ हा आकडा ‘विद्यार्थ्यां’चा आहे आणि तो ‘मुलां’ना चिकटवला आहे. आकडा एका छेदाचा आणि शब्द दुसऱ्या छेदाचा, ही चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टक्के दिसले की पहिला प्रश्न हाच : किती जणांपैकी?

दुसरा प्रश्न : मोजलं कुणी? ‘समितीच्या मते’ असं लिहिलं तर समितीने मदरसे मोजले असं वाटतं. समितीने दुसऱ्या संस्थेचं सर्वेक्षण वापरलं आहे आणि तसं तिथेच सांगितलं आहे. मुलाने निबंधात “सच्चर अहवालात दिलेल्या एनसीएईआरच्या आकडेवारीनुसार” असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला मूळ झरा कुठे आहे ते कळतं.

तिसरा प्रश्न : शब्दाचा अर्थ काय धरला? अहवाल मदरसा आणि मकतब यांत स्पष्ट फरक करतो. आपल्याकडे असर ते मगरिब मुलं मशिदीत कायदा-सिपारा शिकायला जातात आणि सकाळी जिल्हा परिषदेच्या किंवा उर्दू शाळेत असतात, ते मकतब. ते शाळेच्या जोडीला आहे, शाळेऐवजी नाही. बहुसंख्य मुस्लिम मुलं मदरशात जातात हा गैरसमज पसरण्याचं एक कारण लोक या दोन्हींत फरक करत नाहीत हे आहे, असं अहवालच म्हणतो. म्हणून कुणी ‘आमच्या गल्लीतली निम्मी मुलं मदरशात जातात, मग ४ टक्के कसे?’ असं विचारलं, तर तो माणूस बहुधा मकतब मोजतोय. आणि या प्रमाणातही सगळीकडे सारखेपणा नाही. खेड्यांत आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये ते जास्त असल्याचं अहवाल सांगतो.

या आकड्याशेजारी त्याच प्रकरणात एक आकडा आहे, तो भाषणात फार कमी ऐकू येतो. ६ ते १४ वयोगटातली तब्बल २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. कधी कधी लोक हे दोन आकडे जोडून ‘२५ टक्के मुलं शाळेबाहेर, कारण मदरसे’ असं वाक्य बनवतात. अहवाल असं म्हणत नाही. वयोगटसुद्धा वेगळे आहेत, एक ७ ते १९ आणि दुसरा ६ ते १४. ते एकमेकांतून वजा करता येत नाहीत. पण मदरशातली मुलं तीन-चार टक्के आणि शाळेबाहेरची पंचवीस, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की प्रश्न कोणता मोठा होता ते कुणालाही दिसेल. निम्मा हवाला दिला की हाच प्रश्न झाकला जातो.

तिसरं वाक्य : ‘महाराष्ट्रातही’

देशाचा आकडा राज्याला लावणं ही फार सहज होणारी गोष्ट. ५९.१ टक्के ही साक्षरता पूर्ण भारताची आहे. त्याच २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची एकूण साक्षरता ७६.९ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात समाज सरासरीच्या किंचित वरच होता. तिसरं वाक्य इथेच कोसळतं.

पण म्हणून ‘महाराष्ट्रात सगळं ठीक आहे’ असंही लिहू नका. महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहतात, पूर्ण राज्यात मात्र तेव्हा शहरी लोकसंख्या सुमारे ४२ टक्के होती. शहरात साक्षरता नेहमीच जास्त असते. त्यामुळे मुस्लिमांची सरासरी शहरामुळे वर उचलली जाते आणि राज्याची सरासरी खेड्यांमुळे खाली येते. प्रामाणिक तुलना करायची तर शहराशी शहर आणि खेड्याशी खेडं लावावं लागतं. परंड्याच्या एखाद्या गावाबद्दल बोलायचं असेल तर मुंबई-भिवंडीने वर नेलेला आकडा कामाचा नाही. आणि नमुना सर्वेक्षणाचे आकडे देश किंवा राज्य पातळीसाठी असतात, त्यातून एका तालुक्याचं उत्तर निघत नाही. तालुक्यासाठी जनगणना किंवा शाळांची पटनोंदणी पाहावी लागते.

यात आपलं काय अडलंय?

जुलै २०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला होता. त्यामागे महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातल्या भागाला मात्र दिली नाही. पुढे अध्यादेशाची मुदत संपली. पण एकाच समाजाच्या दोन मागण्यांचा निकाल त्या दिवशी वेगवेगळा लागला. अशा जागी ‘सगळ्या बाबतीत सर्वांत मागे’ हे वाक्य चालत नाही. कोणत्या बाबतीत, कुठे, किती आणि कोणत्या वर्षी, हे विचारलं जातं.

जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेल्या निवेदनाचंही तसंच आहे. समोरच्या अधिकाऱ्याने अहवाल वाचलेला असेल आणि त्याने बाराव्या प्रकरणातलं ‘थोडासा वर’ दाखवलं, तर निवेदनातले बाकीचे खरे मुद्देही संशयात जातात. ३८.४ टक्के शहरी गरिबी हा इतका ठोस मुद्दा त्या एका वाढवलेल्या वाक्यामुळे वाया जातो. शिवाय ‘दलितांपेक्षाही’ म्हणत आपण शेजारच्या वस्तीतल्या लोकांशी अशी तुलना लावतो जी त्या आकड्यांनी केलेलीच नाही.

तोच परिच्छेद, दुरुस्त करून

आता तपासणीनंतर तो परिच्छेद असा होईल :

“सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार मुस्लिम समाज बहुतेक निकषांवर अनुसूचित जाती-जमातींच्या एकत्रित गटापेक्षा थोडा वर, पण ओबीसी व इतर गटांच्या खाली होता; शहरी गरिबी मात्र २००४-०५ मध्ये मुस्लिमांमध्येच सर्वाधिक, ३८.४ टक्के होती. अहवालात दिलेल्या एनसीएईआरच्या आकडेवारीनुसार ७ ते १९ वयाच्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४ टक्के मदरशात होते, तर ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले शाळेबाहेर होती. महाराष्ट्रात २००१ मध्ये मुस्लिमांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्त होती. मात्र समाजाचा मोठा भाग शहरी असल्याने ही तुलना जपून वाचावी.”

परिच्छेद लांबला, टाळ्या थोड्या कमी पडतील. पण आता त्यातलं कोणतंही वाक्य बोट ठेवून अहवालात किंवा जनगणनेत दाखवता येतं.

घरी मुलाने किंवा मुलीने भाषण लिहून आणलं की अम्मी-अब्बूंनी प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि चार गोष्टी विचाराव्यात : हा आकडा किती जणांपैकी आहे, कुणी मोजला, कोणत्या वर्षी मोजला आणि कुठला आहे. ज्या आकड्याला चारही उत्तरं मिळत नाहीत तो पुन्हा मूळ अहवालात शोधायला लावावा. सापडला तर जागेवर प्रकरणाचा नंबर लिहावा, नाही सापडला तर ते वाक्य भाषणातून काढावं.